स्लाइडवर सुबक, भिंतीवर धूसर

महाविद्यालयांमधल्या संशोधन परिषदांत पोस्टर लावण्याच्या दालनात फिरताना एक दृश्य हमखास दिसतं. दहा-बारा पोस्टरांमध्ये एखादं असं असतं, की त्याच्यासमोर उभं राहिलं की चष्म्याचा नंबर वाढल्याची शंका यावी. अक्षरांच्या कडा पसरलेल्या, आलेखावरचे आकडे एकमेकांत मिसळलेले, विद्यापीठाचं गोल बोधचिन्ह अंड्यासारखं ताणलेलं. पोस्टर करणाऱ्याने महिनोन्‌महिने काम केलेलं असतं आणि संगणकाच्या पडद्यावर ते सुबकही दिसलेलं असतं. बिघाड झालेला असतो तो पडदा आणि भिंत यांच्यामधल्या काही मिनिटांत.

द्राक्षबागेतल्या मातीच्या ओलाव्यावर काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीचं पोस्टर उदाहरणादाखल घेऊ. परिषदेने आडवा ए-झिरो कागद सांगितला आहे, म्हणजे ११८.९ सेंटिमीटर रुंद आणि ८४.१ सेंटिमीटर उंच. ती पॉवरपॉइंट उघडते आणि समोर आलेल्या कोऱ्या स्लाइडवरच कामाला लागते. ही स्लाइड साडेतेरा इंचांहूनही थोडी कमी रुंद आणि साडेसात इंच उंच असते. शीर्षक, तीन रकाने, दोन आलेख, बागेचे फोटो असं सगळं नीट बसतं. मग ती स्लाइड जेपीईजी चित्र म्हणून साठवते आणि दुकानदाराला पाठवते. ‘ए-झिरो करून द्या,’ एवढाच निरोप.

त्या साठवण्यातच अक्षरांचं अक्षरपण संपलं. स्लाइडवर असेपर्यंत प्रत्येक अक्षर ही एक बाह्यरेषा होती. कुठल्या बिंदूपासून कुठल्या वळणाने कुठे जायचं, याचं गणित. ते चौपट मोठं करा किंवा चाळीसपट, कड धारदारच राहते. चित्र करताना मात्र हे गणित टाकून दिलं जातं आणि उरतात फक्त रंगीत ठिपके. विंडोजवर पॉवरपॉइंटची नेहमीची स्लाइड काहीही न बदलता अशी साठवली, तर चित्र १२८० ठिपके रुंद आणि ७२० ठिपके उंच निघतं. तेच १२८० ठिपके आता जवळजवळ ४७ इंचांवर पसरायचे आहेत. इंचाला २७ ठिपके, म्हणजे एकेक ठिपका मिलिमीटरभराचा. हातभर अंतरावरून वाचायच्या पोस्टरला इंचाला किमान १५० ठिपके असावेत अशी माझी अपेक्षा असते.

देवनागरीला याचा फटका जास्त बसतो. स्लाइडवरचं १२ पॉइंटचं अक्षर या चित्रात वरपासून खालपर्यंत अवघ्या १६ ठिपक्यांत बसवलेलं असतं. त्यातच शिरोरेषा, वरच्या मात्रा, रफार, अनुस्वार आणि खालचे उकार मावायचे. अनुस्वाराच्या वाट्याला एक-दोन ठिपके येतात. मोठं केल्यावर तो शिरोरेषेत विरघळतो, ‘द्ध’ आणि ‘ध्द’ सारखेच दिसू लागतात. दुकानदाराने चित्राचा डीपीआय वाढवला, तरी हरवलेला रफार परत येत नाही. संगणक फक्त दोन ठिपक्यांच्या मध्ये त्यांच्या सरासरीचा रंग भरतो, आणि खडबडीत कडेची जागा धुरकट कड घेते.

मांडणी सरकण्याचं कारण निराळं आहे. ए-मालिकेतल्या सगळ्या कागदांचा आकार एकाच प्रमाणात असतो. लांब बाजू आखूड बाजूच्या १.४१ पट. त्यामुळे ए-फोरची प्रत्येक बाजू चौपट केली की जवळजवळ ए-झिरोच मिळतो, फरक पडतो तो जेमतेम मिलिमीटरभराचा. पॉवरपॉइंटची स्लाइड टीव्हीच्या पडद्याच्या आकाराची असते, १.७८ पट. ती ए-झिरोच्या रुंदीला जुळवली, तर वर आणि खाली प्रत्येकी साडेतीन इंचांच्या आसपास पांढरी पट्टी उरते. पट्टी नको म्हणून दुकानात चित्र ताणलं, तर उंची सव्वापट होते. बोधचिन्हाचं अंडं इथे जन्माला येतं.

ही पट्टी दिसल्यावर विद्यार्थिनी घरी येऊन स्लाइडचंच माप बदलते, आणि आता चौकटी हलतात. पानाचा आकारच बदलल्यामुळे ओळी नव्या ठिकाणी तुटतात, मजकूर चौकटीबाहेर सांडतो. त्यात ती मूळ फाइल दुकानात उघडली आणि तिथे तिचा फॉन्ट नसला, तर संगणक परस्पर दुसरा फॉन्ट लावतो. कोकिळा हा फॉन्ट त्याच पॉइंटला मंगलपेक्षा बराच लहान दिसतो. कोकिळात बसवलेला परिच्छेद मंगलमध्ये उघडला, की रकाना खालच्या आलेखावर चढतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं असेल, तर मराठीच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसते.

फोटोंचा घोटाळा सगळ्यात छुपा, कारण तो योग्य फाइल पाठवली तरी राहतो. पॉवरपॉइंटच्या अनेक आवृत्त्या फाइल साठवताना फोटो आपणहून हलके करतात. मूळ सेटिंग इंचाला २२० ठिपक्यांचं असतं, आणि हा हिशेब त्या क्षणी स्लाइडवर फोटो जेवढा दिसतो त्या मापाने होतो. मोबाइलवरचा ४००० ठिपके रुंदीचा फोटो तिने स्लाइडवर तीन इंचांचा करून ठेवला. साठवल्यावर त्यातले ६६० ठिपके उरले. भिंतीवर तोच फोटो साडेदहा इंचांचा झाला, म्हणजे इंचाला फक्त ६३ ठिपके. पानं आणि घड ओळखू येतील, पानांवरचे रोगाचे डाग नाहीत. इथे फोटो स्लाइडवर ओढून मोठा करून भागत नाही, मूळ फोटो पुन्हा घालावा लागतो. त्याआधी File, Options, Advanced या वाटेने जाऊन Do not compress images in file या ओळीपुढे खूण करायची.

म्हणून पहिलं अक्षर टाइप करण्याआधी Design मधल्या Slide Size मध्ये जाऊन Custom Slide Size निवडावं आणि ११८.९ बाय ८४.१ सेंटिमीटर असं खरं माप घालावं. पॉवरपॉइंट जवळजवळ १४२ सेंटिमीटरपर्यंतचं पान देतो, त्यामुळे ए-झिरो आरामात बसतो. वर्डमध्ये तो बसतच नाही, तिथे पान २२ इंचांवर थांबतं. जुना संगणक कुथायला लागला, तर ५९.४ बाय ४२ सेंटिमीटरचं पान घ्यावं आणि दुकानात दुप्पट करायला सांगावं. पान लहान असण्यात काहीच वावगं नाही. त्याचं प्रमाण कागदाशी जुळलेलं हवं, अक्षरं अक्षरंच राहायला हवीत आणि फोटोंमध्ये पुरेसे ठिपके हवेत. आलेखही एक्सेलमधून आलेख म्हणूनच आणावेत. त्यांचे स्क्रीनशॉट चिकटवले, तर पीडीएफमध्येही ते ठिपकेच राहतात.

दुकानात पीडीएफच द्यावी. व्हॉट्सअॅपने पाठवायची झाली, तर डॉक्युमेंट म्हणून. फोटो म्हणून पाठवलेल्या पानाचे ठिपके तिथे आणखी कमी होतात. पाठवण्याआधी ती पीडीएफ उघडून मजकुरावरून माउस ओढून पाहावा. शब्द निळे होऊन निवडले गेले, तर ती अक्षरं आहेत. सगळं पान एका तुकड्यासारखं वागलं, तर चित्र आहे. अॅक्रोबॅट रीडरमध्ये Properties खाली Fonts असा भाग असतो. तिथे प्रत्येक फॉन्टपुढे Embedded किंवा Embedded Subset असं दिसलं, की दुकानात तो फॉन्ट असो-नसो, फरक पडत नाही. कोरलड्रॉमध्ये काम करणारे यासाठी मजकूर ‘कर्व्ह’ करून टाकतात. त्यानंतर शब्द दुरुस्त करता येत नाहीत, म्हणून शुद्धलेखन आधी तपासलेलं असावं आणि मूळ फाइल वेगळी जपलेली असावी.

शेवटची तपासणी पडद्यावर एवढीच: पान ए-टूचं असेल तर २०० टक्के, ए-झिरोचं असेल तर १०० टक्के मोठं करायचं आणि सगळ्यात लहान अक्षर, आलेखाच्या अक्षावरचे आकडे आणि एक फोटो असे तीनच कोपरे हातभर लांबून पाहायचे. तरीही शंका उरली, तर दुकानदाराला त्याच मापात पोस्टरचा ए-फोरएवढा तुकडा आधी छापून द्यायला सांगावं. अख्खा ए-झिरो दुसऱ्यांदा छापण्याच्या मानाने त्याचा खर्च किरकोळ असतो.