नाव मागे घेण्याचा हक्क

नव्या औषधाच्या चाचणीत सहभागी होण्याबद्दल विचारणा झाली की रुग्णाच्या हाती माहितीपत्रक येते आणि त्यासोबत संमतीपत्र. त्यात वारसदाराचे नाव लिहायचा रकाना पाहून घरची माणसे हबकतात. चाचणीमुळे मृत्यू ओढवला तर भरपाई कोणाला द्यायची, हे आधीच नोंदवलेले असावे म्हणून तो रकाना असतो. केंद्र सरकारच्या 2019च्या नियमांनी ही भरपाई बंधनकारक केली आहे.

समजा, गोळ्या घेऊनही साखर आटोक्यात न येणाऱ्या एका बाईंना मधुमेहाच्या चाचणीसाठी विचारले आहे. नवे औषध मिळणार की जुने, हे बहुतेकदा संगणक चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवतो, आणि अनेक चाचण्यांत ते डॉक्टरांनाही कळत नाही. नवे औषध मिळण्याची शक्यता किती, हे पत्रकात लिहिलेले हवे. धोक्यांच्या परिच्छेदात नुसते ‘क्वचित मळमळ’ पुरेसे नाही. याआधी शंभरातल्या किती जणांना काय त्रास झाला, हे त्यांनी विचारावे. चाचणीत न जाता कोणते उपचार घेता येतील, हेही त्याच पत्रकात असायला हवे.

सही केल्यावरही कारण न देता कधीही बाहेर पडता येते आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. अडचण वेगळीच असते. उपचार करणारे आणि चाचणी घेणारे डॉक्टर अनेकदा एकच असतात, आणि त्यांना वाईट वाटेल म्हणून रुग्ण गप्प राहतो. अशा वेळी पत्रकावरचा नैतिकता समितीचा फोन क्रमांक उपयोगी पडतो.

मात्र औषध परस्पर बंद करू नये. स्टेरॉइडसारखी काही औषधे एकदम थांबवली तर प्रकृती बिघडते. ती हळूहळू कमी करावी लागतात. शिवाय तोवर जमा झालेली माहिती सहसा अभ्यासात राहते. साठवलेल्या रक्ताच्या नमुन्याचे काय होणार, हे सही करण्याआधीच विचारलेले बरे. चाचणीमुळे इजा झाली तर गरज असेल तोवर, किंवा इजेचा चाचणीशी संबंध नाही असे सिद्ध होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर मोफत उपचार मिळतात.

हे सगळे कागदावर असूनही घसरण कशी होते, ते खम्मममध्ये दिसले. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या या जिल्ह्यात 2009मध्ये दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस देण्याचा प्रकल्प सुरू झाला. अनेक संमतीपत्रांवर आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. 2010मध्ये प्रकल्प थांबवला गेला आणि 2013मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. माहिती द्यायची ती ज्यांना, त्यांच्यापर्यंत ती पोहोचलीच नव्हती.

रुग्णाला वाचता येत नसेल तर आता त्रयस्थ साक्षीदारासमोर सगळे समजावून सांगावे लागते. सही झालेल्या कागदांची एक प्रत रुग्णाला द्यावीच लागते. ती मागून घ्यावी आणि घरी जपून ठेवावी.