सर्वांत मोठ्या गुणाकारासाठी सर्वांत लहान गुणाकारही सांभाळावा लागतो

ओळीने सात संख्या मांडू: ३, −२, ५, ०, −४, २, −३. यातला एक सलग तुकडा निवडायचा. मधली संख्या गाळायची नाही, क्रमही बदलायचा नाही. त्या तुकड्यातल्या संख्यांचा गुणाकार जास्तीत जास्त किती होईल? प्रोग्रॅमिंगच्या मुलाखतींमध्ये हा प्रश्न वारंवार येतो.

सात संख्यांचे सलग तुकडे अठ्ठावीसच होतात, त्यामुळे कागदावर सगळे तपासता येतात. पण संख्या एक लाख असतील, तर तुकडे पाचशे कोटींहून जास्त होतात. म्हणून ओळीवरून डावीकडून उजवीकडे एकदाच जाऊन उत्तर हाती लागेल अशी रीत हवी.

गुणाकाराऐवजी बेरीज विचारली असती, तर अशी रीत तयार आहे. ब्राउन विद्यापीठातले उल्फ ग्रेनँडर यांना १९७७ मध्ये प्रतिमांमधले आकृतिबंध शोधताना तो बेरजेचा प्रश्न पडला होता. पुढे कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या एका व्याख्यानात संख्याशास्त्रज्ञ जे कडेन यांनी तो ऐकला आणि मिनिटभरात त्याची रीत मांडली, असे जॉन बेंटली यांनी नोंदवले आहे. रीत अशी: प्रत्येक संख्येपाशी थांबून विचारायचे की, इथे संपणारा सर्वांत चांगला तुकडा कोणता? त्याला दोनच शक्यता असतात. एक तर तो इथूनच नव्याने सुरू होतो, किंवा आधीच्या संख्येपाशी संपणाऱ्या सर्वांत चांगल्या तुकड्याला ही संख्या जोडून तयार होतो. दोन्हींतले मोठे उत्तर पुढे न्यायचे आणि वाटेत दिसलेले सर्वांत मोठे उत्तर वेगळे लिहून ठेवायचे.

हीच रीत, बेरजेच्या जागी गुणाकार घालून, आपल्या ओळीवर लावून पाहू. ३ पाशी ३. पुढे −२ आणि ३ गुणिले −२ म्हणजे −६, त्यात मोठे −२. पुढे ५ आणि −१०, मोठे ५. मग ०. त्यानंतर −४ आणि ०, मोठे ०. पुढे २ आणि ०, मोठे २. शेवटी −३ आणि −६, मोठे −३. वाटेतले सर्वांत मोठे ५, म्हणून उत्तर ५. पण ओळीच्या शेवटचे तीन आकडे पाहा: −४ गुणिले २ गुणिले −३ म्हणजे २४. रीतीला ते दिसलेच नाहीत.

चूक नेमकी कुठे झाली? २ पाशी पोचलो तेव्हा −४ गुणिले २ म्हणजे −८ हा तुकडा आपण वाईट म्हणून टाकून दिला होता. पुढे −३ आला आणि त्याच −८ चे २४ झाले असते. ऋण गुणिले ऋण बरोबर धन, हे शाळेत शिकलेले इथे आडवे येते. बेरजेत असे कधी होत नाही. दोन बेरजांमध्ये एक मोठी असेल, तर दोन्हींत पुढची कोणतीही संख्या मिळवली तरी ती मोठीच राहते. गुणाकारात धन संख्येने गुणले तर क्रम टिकतो, ऋण संख्येने गुणले तर उलटतो: सर्वांत मोठा होता तो सर्वांत लहान होतो आणि सर्वांत लहान होता तो सर्वांत मोठा.

उपायही याच उलटण्यातून निघतो. क्रम उलटला तरी टोके टोकेच राहतात, मधला गुणाकार कधी टोकाला जात नाही. म्हणून इथे संपणाऱ्या सगळ्या तुकड्यांपैकी सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान, एवढे दोनच गुणाकार जपले की पुरे. प्रत्येक नव्या संख्येपाशी तीन उमेदवार उभे राहतात: ती संख्या एकटी, आधीचा मोठा गुणिले ती, आणि आधीचा लहान गुणिले ती. तिघांतला सर्वांत मोठा हा नवा मोठा, सर्वांत लहान हा नवा लहान.

पुन्हा चालू. ३ पाशी मोठा ३, लहानही ३. −२ पाशी उमेदवार −२, −६, −६, म्हणून मोठा −२ आणि लहान −६. ५ पाशी ५, −१० आणि −३०, म्हणून मोठा ५ आणि लहान −३०. हा −३० पुढच्या एखाद्या ऋण संख्येची वाट पाहत होता, पण पुढे शून्य आले आणि दोन्ही ० झाले. −४ पाशी मोठा ०, लहान −४. २ पाशी मोठा २, लहान −८. शेवटी −३ पाशी उमेदवार −३, −६ आणि २४. मोठा २४, आणि तेच उत्तर.

शून्यासाठी वेगळा नियम करावा लागला नाही, हे मला या रीतीतले सर्वांत देखणे वाटते. शून्य आले की मागचे सारे पुसले जाते, आणि पुढची संख्या एकटी उमेदवार असल्यामुळे तिथून नवी सुरुवात आपोआप होते. शून्य स्वतःही उत्तर असू शकते: −२, ०, −१ या ओळीत त्याहून मोठा गुणाकार मिळतच नाही.

पायथनमध्ये हे सगळे एवढ्यात मावते:

```python
def max_product(a):
    hi = lo = best = a[0]
    for x in a[1:]:
        c = (x, hi * x, lo * x)
        hi, lo = max(c), min(c)
        best = max(best, hi)
    return best
```

यातली `c` ची ओळ अनावश्यक समजून बरेच जण गाळतात, आणि तिथेच फसतात. आधी `hi` बदलायचा आणि मग त्याच नव्या `hi` वरून `lo` काढायचा, असे केले तर एकच संख्या दोनदा गुणली जाते. −४, −३, −२ ही ओळ घ्या. −३ पाशी नवा मोठा १२ होतो. तोच १२ पुन्हा −३ ने गुणला की लहान −३६ येतो, आणि −२ पाशी त्याचे ७२ होतात. तिन्ही संख्यांचा मिळून गुणाकार −२४ असताना ७२ कुठून येणार? खरे उत्तर १२ आहे. दुसरी चूक म्हणजे `best` ची सुरुवात शून्यापासून करणे. ओळीत एकटा −३ असेल, तर असा प्रोग्रॅम ० सांगतो, आणि ० तर ओळीत नाहीच.

उत्तर हाताने पडताळायचे तर शून्यांपाशी ओळ तोडा. शून्यांच्या मधल्या भागात ऋण संख्या सम असतील, तर पूर्ण भाग घ्यायचा. विषम असतील, तर एक ऋण संख्या सोडावी लागते: पहिल्या ऋण संख्येपर्यंतचा डावा भाग टाकायचा किंवा शेवटच्या ऋण संख्येपासूनचा उजवा, जे राहील त्यातले मोठे घ्यायचे. आपल्या ओळीत ३, −२, ५ मधून ३ किंवा ५ मिळतात आणि −४, २, −३ मधून २४. उत्तर जुळते. मात्र ही पडताळणी पूर्णांकांपुरतीच. ०.५, ८, ०.५ या ओळीत ऋण संख्या नाही, तरी पूर्ण ओळीचा गुणाकार फक्त २ आणि एकट्या ८ चा ८. एकपेक्षा लहान अपूर्णांकाने गुणले की गुणाकार घटतो, म्हणून तिथे पूर्ण भाग घेणे चुकते. तीन उमेदवारांची रीत मात्र तिथेही ८ च सांगते, कारण तिचा आधार फक्त क्रम टिकणे किंवा उलटणे एवढाच आहे.

तिला अडचण येते ती आकाराची. सी किंवा जावा भाषेतल्या नेहमीच्या ३२ बिटांच्या पूर्णांकात जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मावतात, आणि ओळीत नुसते एकतीस दोन असले तरी गुणाकार ती मर्यादा ओलांडतो. जावामध्ये मग काही न सांगता चिन्ह उलटते आणि सर्वांत मोठा ठरायला हवा होता तो गुणाकार ऋण होऊन लहान गुणाकाराच्या खान्यात जाऊन बसतो. सगळ्या संख्या धन असूनही लहान गुणाकाराच्या खान्यात ऋण आकडा दिसला, तर दोष रीतीचा नसून खाना अपुरा पडला आहे, आणि ६४ बिटांचा पूर्णांक वापरायला हवा.