काळा रंग उतरवताना

दोन महिन्यांत दोनदा घरी काळा डाय लावलेले केस आता तपकिरी हवे आहेत. पार्लरमध्ये पर्याय दोन: कलर रिमूव्हर किंवा ब्लीच बाथ.

डायचे बारीक कण केसात शिरतात आणि पेरॉक्साइडमुळे एकमेकांना जोडले जाऊन मोठे होतात, म्हणून ते आत अडकून बसतात. कलर रिमूव्हर ही जोडणी सोडवतो. त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. खरी मेहनत पुढे असते. सुटे झालेले कण पाण्याने वाहून जावे लागतात, त्यासाठी वीसेक मिनिटं केस धुवावे लागतात. इथे घाई झाली, तर उरलेले कण हवेतल्या ऑक्सिजनने पुन्हा जुळतात आणि दोन दिवसांत केस परत काळवंडतात. मूळ रंगद्रव्याला रिमूव्हर हात लावत नाही. डायने आधीच उजळलेला तांबूसपणा मात्र उघडा पडतो. अशा ताज्या, घरगुती काळ्या डायसाठी आधी हाच करून पाहावा.

ब्लीच बाथमध्ये ब्लीच पावडर, डेव्हलपर आणि शाम्पू एकत्र करून ओल्या केसांना लावतात आणि दर दोन-तीन मिनिटांनी एक बट पुसून पाहतात. तो डायबरोबर नैसर्गिक रंगही खातो. रिमूव्हरनंतर उरलेला हट्टी थर किंवा निळ्या-हिरव्या फॅन्सी रंगाचे डाग यांसाठी तो उपयोगी. ओली बट ताणल्यावर रबरासारखी लांबत असेल, तर मात्र तो टाळावा.

काळी मेहंदी लावलेली असेल, तर आधी कंगव्यातले चार केस मिश्रणात बुडवून पाहावेत. तिच्यात धातूचे क्षार असले, तर ते तापतात आणि तुटतात.