तीन ओळींत संपणारी ओळख

नोव्हेंबर लागला की बीईची मुलं केबिनच्या दाराशी येऊन उभी राहतात. "मॅडम, दोन मिनिटं आहेत का? एलओआर पाहिजे होतं." अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांच्या एमएसच्या अर्जाची मुदत 1 किंवा 15 डिसेंबरला संपते आणि प्रत्येक अर्जाला बहुधा तीन शिफारसपत्रं लागतात. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. यंदा असाच एक मुलगा आला. चेहरा ओळखीचा वाटला, नाव मात्र आठवेना. त्याने सांगितल्यावरही काही आठवेना, आणि ते मला लागलं. याला मी एक अख्खं सत्र शिकवलं होतं.

त्याला बसवलं आणि टीईच्या वर्गाची जुनी वही काढली. वर्गात 72 मुलं होती. याची हजेरी 81 टक्के, दोन चाचण्यांत 20 पैकी 14 आणि 15 गुण, जर्नल वेळेवर तपासून घेतलेलं. त्यापुढे काहीच नाही. लक्षात राहिलेल्या मुलांच्या नावांपुढे मी पेन्सिलीने एखादा शब्द लिहून ठेवते. याच्या नावापुढे ती जागा कोरी होती. त्यात त्याचा दोष नाही. 72 जणांच्या वर्गात शांतपणे आपलं काम करणारं मूल शिक्षकाच्या नजरेतून निसटतं.

"मी लिहू शकणार नाही," मी म्हटलं. हे वाक्य पहिल्यांदाच आणि पूर्ण बोलायचं, हे मी उशिरा शिकले. पूर्वी मी "बघू" म्हणायचे. विद्यार्थी त्याचा अर्थ होकार असा घेतो आणि अर्जात माझं नाव टाकून मोकळा होतो. मग पोर्टलची लिंक माझ्या मेलमध्ये पडून राहते, मुदतीच्या आदल्या रात्री त्याचे फोन येतात आणि तोवर दुसऱ्या कोणाकडे जायची वेळ निघून गेलेली असते. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मिळालेला नकार त्याच्या हातात काही आठवडे ठेवतो.

त्याने लगेच विचारलं, "मी ड्राफ्ट लिहून आणू का, मॅडम? तुम्ही फक्त सही करा." आमच्याकडे ही वहिवाटच आहे. परदेशी शिक्षणाच्या सल्ला केंद्रांतून तयार ड्राफ्ट मिळतात आणि काही वर्षांपूर्वी मीही अशा एकावर सही केली होती. त्याच आठवड्यात दुसरी एक मुलगी ड्राफ्ट घेऊन आली. त्यात दुसऱ्या परिच्छेदापासून शब्द न् शब्द तोच होता, फक्त नाव वेगळं. तिच्या पत्रावर मी सही केली नाही, पण पहिलं पत्र माझ्या लेटरहेडवर केव्हाच निघून गेलं होतं. दोन्ही मुलं एकाच विद्यापीठात अर्ज करणार होती. त्या पहिल्या मुलाचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही, आणि ते विचारायचं धाडसही मला झालं नाही.

हे सगळं मी त्याला सांगितलं. मग एक कोरा कागद घेऊन त्याच्यासमोरच त्याचं पत्र लिहायला घेतलं. "हा विद्यार्थी टीईला माझ्या वर्गात होता. त्याची हजेरी चांगली होती. त्याला 72 टक्क्यांच्या आसपास गुण मिळाले." तीन ओळी झाल्या आणि पेन थांबलं. कागद त्याच्याकडे सरकवला. "यातली कुठली गोष्ट कॉलेजच्या नोंदींत नाही?" तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला.

पत्राशिवाय पोर्टलवर एक तक्ताही भरायचा असतो, हे मुलांना सहसा माहीत नसतं. तो फक्त शिफारस करणाऱ्याला दिसतो. उमेदवाराला किती काळ ओळखता, कोणत्या नात्याने ओळखता, हे आधी विचारतात. मग बुद्धिमत्ता, चिकाटी, संशोधनाची कुवत, लेखन अशा एकेका गुणापुढे पहिल्या 5 टक्क्यांत, 10 टक्क्यांत, 25 टक्क्यांत असे रकाने असतात आणि शेवटचा रकाना 'सांगण्यास आधार नाही' या अर्थाचा. याच्यासाठी मला जवळपास प्रत्येक ओळीत तो शेवटचाच रकाना भरावा लागला असता. वाईट शेऱ्याची पत्रं क्वचितच लिहिली जातात. उमेदवाराचं नुकसान होतं ते अशा रिकाम्या, गोड पत्रांनी, कारण वाचणाऱ्याला वाटतं की तीन माणसं निवडायची होती तरी याला नीट ओळखणारं कोणी सापडलं नाही.

"पण तुम्ही प्रोफेसर आहात ना," तो हळूच म्हणाला. खरं कारण तेव्हा कळलं. नावापुढे पीएचडी असलेली तीन माणसं हवीत, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं.

मी विचारलं, "गेल्या वर्षभरात तुझं काम बिघडताना कोणी पाहिलंय?"

या प्रश्नावर मात्र तो मोकळा झाला. त्याचा प्रोजेक्ट शेतातल्या मातीचा ओलावा मोजण्याचा. स्वस्तातला दोन दातांचा सेन्सर कुंडीत खुपसून ठेवला होता. पाणी तेवढंच, तरी काही दिवसांत आकडे सरकायला लागले. आधी प्रोग्रॅममध्ये चूक शोधली, मग बोर्ड बदलला. शेवटी सेन्सर उपसून पाहिला तर एका दातावरचा मुलामा खाल्ला गेला होता. ओल्या मातीत एकाच दिशेचा प्रवाह सतत सोडला की धातू झिजतोच. मग त्याने रीडिंग घेण्यापुरताच काही मिलिसेकंद वीजपुरवठा सुरू करायचा, अशी जोडणी केली आणि जुना व नवा सेन्सर शेजारी ठेवून तीन आठवडे रोज दोनदा आकडे लिहिले. ती वही त्याच्या बॅगेत होती. पानांना मातीचे डाग होते. एका दिवशीचे आकडे खोडून समासात लिहिलं होतं, 'पाणी घालायला विसरलो, हे धरू नये.'

"हे कोणी पाहिलं?"

"आमच्या गाइड सरांनी. ते संध्याकाळी साडेसहापर्यंत थांबायचे."

गाइड म्हणजे आमच्याकडचे कंत्राटी व्याख्याते. त्यांची पीएचडी अजून व्हायची आहे. त्यांच्याकडे मागावं, हे याच्या मनातही आलं नव्हतं. ती वही त्यांनी पानोपान पाहिलेली होती, मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहत होते. मी त्याला त्यांच्याकडे पाठवलं. जाताना त्याने तीन ओळींचा कागद मागून घेतला.

अडचण वेगळीच निघाली. पुष्कळ विद्यापीठं संस्थेच्या मेलवरूनच पत्र मागतात, आणि कंत्राटी असल्यामुळे गाइडकडे तो पत्ताच नव्हता. प्राचार्यांच्या सहीचा अर्ज, संगणक विभागाच्या फेऱ्या, यात चार दिवस गेले. नकार डिसेंबरात दिला असता तर एवढंही जमलं नसतं.

मग एका दुपारी गाइड लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आले. पत्र लिहून झालं होतं. त्यात तो समासातला शेरा जसाच्या तसा होता. तक्त्यावर मात्र ते अडले होते. "मॅडम, पहिल्या 10 टक्क्यांत म्हणू का? मी दोन वर्षांत 24 मुलांनाच गाइड केलंय."

"त्या 24 मध्ये तो कितवा?"

त्यांनी डोळे मिटून एकेक नाव आठवलं. "पहिल्या दोघांत."

"मग 10 टक्क्यांवर खूण करा आणि खाली 24 हा आकडाही लिहा."

त्यांनी तो लिहिला, पुन्हा एकदा वाचला आणि बटण दाबलं.