ना नफा, ना तोटा : शेअर किती वाढावा लागतो?

शेअर प्रत्यक्ष डिमॅट खात्यात घेऊन काही आठवड्यांत विकणाऱ्याने १,००,००० रुपयांची खरेदी केली आणि दलाली, म्हणजे ब्रोकरचे शुल्क, दोन्ही वेळी ०.३ टक्के धरली, तर ६०० रुपये दलाली, तिच्यावरील १८ टक्के जीएसटी, खरेदीवरचे ०.०१५ टक्के मुद्रांक शुल्क आणि शेअर बाजाराचे किरकोळ आकार मिळून सुमारे ७३० रुपये होतात. याशिवाय रोखे व्यवहार कर खरेदी-विक्रीवर प्रत्येकी ०.१ टक्का, म्हणजे २०० रुपये लागतो.

त्यामुळे ९३० रुपयांची वाढ पुरेशी वाटते. पण गोम पुढे आहे. अल्पकालीन भांडवली नफ्यातून दलाली वजा होते, रोखे व्यवहार कर मात्र होत नाही, म्हणून हातात काहीच न उरताही २०० रुपये ‘नफा’ ठरतो व २३ जुलै २०२४ पासूनच्या २० टक्के दराने (उपकर सोडून) त्यावर ४० रुपये कर बसतो. तो भागवण्यासाठी भाव आणखी वाढावा, तर त्या वाढीवरही कर पडतो. हिशेब अखेर ९८० रुपयांवर, म्हणजे ०.९८ टक्क्यावर स्थिरावतो. विक्रीच्या वेळचे डिमॅट शुल्क ठरावीक रकमेचे असल्याने लहान व्यवहारात ही टक्केवारी बरीच चढते.