मे महिन्याचा रकाना

वेंगुर्ल्याजवळच्या एका छोट्या काजू कारखान्याच्या मालकिणीची ही गोष्ट. ती रचलेली आहे, आकडेही हिशेबाला सोपे घेतले आहेत. पण त्यातली अडचण हंगामी माल घेणाऱ्या कुठल्याही उद्योगात अशीच उभी राहते.

यंत्रं तिने बचतीतून घेतली होती. बँकेकडून हवं होतं ते खेळतं भांडवल. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता शाखा व्यवस्थापकांची भेट ठरली होती आणि प्रकल्प अहवाल बांधून तयार होता. त्यात वर्षाला साठ टन काजूबी धरली होती. १३० रुपये किलोने बियांचे ७८ लाख होत. चार किलो बीमागे एक किलो गर, म्हणजे पंधरा टन गर, आणि अख्खा व तुकडा मिळून सरासरी ७०० रुपये भाव. विक्री एक कोटी पाच लाख. मजुरी, वीज, वाहतूक असा चौदा लाखांचा खर्च वजा करून नफा तेरा लाख. मागणी होती एकवीस लाखांची. लहान उद्योगांसाठी नायक समितीच्या शिफारशीवरून बँका जी सोपी पद्धत वापरतात, तिच्यात अपेक्षित वार्षिक विक्रीच्या निदान वीस टक्के खेळतं भांडवल बँक देते आणि पाच टक्के उद्योजकाने घालायचे असतात. त्या हिशेबाने आकडा बरोबर होता.

रात्री जेवणं झाल्यावर सासूबाईंनी विचारलं, “मे म्हयन्यात बियांचे पैसे खंयसून देतलंस?” त्यांनी आयुष्यभर बागेतली बी व्यापाऱ्याला घातलेली. बीचे पैसे रोख लागतात, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

तिने कोरा कागद घेतला आणि बारा महिन्यांचे रकाने आखले. वार्षिक ताळेबंदात जे दिसत नव्हतं ते इथे पाच मिनिटांत दिसलं. काजूबी येते मार्च ते मे. पावसाआधी ती विकत घेऊन, उन्हात वाळवून गोदामात टाकावी लागते. वाफवणं, फोडणं, बोर्म्यात वाळवणं, सोलणं, प्रतवारी हे मात्र पुढे महिनोन्‌महिने चालतं आणि विक्रीचे पैसे त्याहून महिनाभर उशिरा येतात. वीस टक्क्यांची पद्धत गृहीत धरते की पैसा साधारण तीन महिन्यांत फिरून परत येतो. इथे तो मेअखेर जवळजवळ सगळाच बियांत अडकलेला. आत आलेले पैसे धरूनही साठ टनांना त्या वेळी साठ लाखांहून जास्त कमी पडत होते, आणि हाताशी होते बँकेचे एकवीस आणि स्वतःचे सहा.

माझ्या मते धोका इथेच होता. हा अहवाल बहुधा मंजूर झाला असता, आणि एप्रिलमध्ये, बी दारात आली असताना, खात्यातले पैसे संपले असते.

मग तिने उलटीकडून सुरुवात केली. सहा लाख आणि मिळू शकेल तेवढं कर्ज यांत किती बी पेलेल? उत्तर आलं चोवीस टन. बियांचे ३१ लाख २० हजार. दरमहा तीन टन फोडायची, म्हणजे मार्च ते ऑक्टोबर काम. महिन्याचा खर्च सत्तर हजार, विक्री सव्वापाच लाख, पैसे एप्रिलपासून सुरू. मेअखेर गेलेले ३३ लाख ३० हजार, आलेले साडेदहा लाख. खड्डा २२ लाख ८० हजारांचा. स्वतःचे सहा घातल्यावर राहतात सोळा लाख ऐंशी हजार. व्याजाला जागा ठेवून तिने मर्यादा अठरा लाखांची मागितली.

बँक तारणावर पैसे उचलू देते, म्हणून तेही पडताळलं. एक जूनला गोदामात पंधरा टन बी, किंमत साडेएकोणीस लाख. व्यापाऱ्यांकडून येणं सव्वापाच लाख. पंचवीस टक्के मार्जिन सोडलं तरी साडेअठरा लाख उचलता येतात. तिथून दर महिन्याला साडेचार लाख परत येतात आणि सप्टेंबरअखेर कर्ज शून्यावर येतं. नफा मात्र तेरा लाखांवरून व्याजाआधी पाच लाखांवर आला. तो आकडा लिहिताना तिचा हात थांबला असेल, पण तिने तो तसाच ठेवला. पहाटे तीनला नवी पानं छापून झाली.

व्यवस्थापकांनी आधी विक्री पाहिली. “मॅडम, बेचाळीस लाखांच्या विक्रीवर अठरा लाख? वीस टक्क्यांनी साडेआठच होतात.”

“साहेब, ती निदान पातळी झाली. माल हंगामी आहे, म्हणून महिन्यांचा रोख अंदाज जोडलाय.”

त्यांनी बराच वेळ मे महिन्याच्या रकान्यावर पेन ठेवलं. मग विचारलं, “एप्रिलमध्ये बी दीडशेला गेली तर?”

“वीस टनांवर थांबेन. कर्ज वाढवून बी घेणार नाही. सप्टेंबरातच काम संपेल, मग दुसऱ्यांची बी मजुरीने फोडून देईन.”

त्यांनी साठ्याचं पत्रक दर महिन्याच्या दहा तारखेपर्यंत मागितलं, गोदामाचा विमा बँकेच्या नावे जोडायला सांगितला आणि शेतावरच्या खरेदीच्या पावत्या कशा ठेवणार ते विचारलं. प्रस्ताव त्याच आठवड्यात अठरा लाखांच्या हंगामी मर्यादेच्या शिफारशीसह विभागीय कार्यालयाकडे गेला.