सीझनचा दर एजंटला कधी कळवावा?

डिसेंबरात कोकणातल्या हॉटेलांचे दर चढतात, हे पुण्या-कोल्हापुरातल्या प्रत्येक ट्रॅव्हल एजंटला ठाऊक असते. दर वाढला म्हणून तो सहसा कुरकुर करत नाही. तो चिडतो ते वाढ उशिरा कळली म्हणून, आणि त्याचे चिडणे रास्त आहे.

तारकर्लीतले बारा खोल्यांचे एखादे हॉटेल घ्या. नाश्त्यासह खोलीचा एजंटसाठीचा नेट दर ३,००० रुपये. एजंट त्यावर आपले ५०० रुपये धरून गिऱ्हाइकाला ३,५०० सांगतो आणि ॲडव्हान्स घेतो. डिसेंबरच्या दहा तारखेला हॉटेलचा मेसेज येतो: ‘ख्रिसमससाठी नेट दर ४,२००.’ आता एजंटने रात्रीमागे ७०० रुपये पदरचे घालायचे, नाहीतर शब्द फिरवून गिऱ्हाइकाकडे पुन्हा पैसे मागायचे. वर्षभर पाहुणे पाठवणाऱ्या माणसावर ही पाळी आणणे वाईटच.

म्हणून सूचनेची वेळ एजंटच्या कामावरून ठरवावी. रेल्वेचे आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते. म्हणजे २४ डिसेंबरची कोकणकन्या २५ ऑक्टोबरला खुली होते, आणि तिकीट काढायच्या आधी घरात मुक्कामाचा खर्च विचारला जातो. त्याआधीच एजंटचे भाव लोकांच्या हाती पडलेले असतात. तेव्हा ख्रिसमसचा दर ऑगस्टअखेरीस कळवलेला बरा. दिवाळीनंतर कळवलेली वाढ त्याच्या काही कामाची नाही.

सूचनेत सर्वांत जास्त घोळ होतो तो तारखांचा. ‘१ ऑक्टोबरपासून नवे दर’ एवढेच लिहिले तर प्रश्न उरतो: बुकिंग १ ऑक्टोबरनंतरचे की मुक्काम? दोन्ही तारखा वेगळ्या लिहाव्यात. उदाहरणार्थ:

‘सप्रेम नमस्कार. २० डिसेंबर ते ३ जानेवारी या काळातील मुक्कामासाठी खोलीचा नेट दर ३,००० ऐवजी ४,२०० रुपये राहील. नाश्ता धरून, जीएसटी वेगळा. ३० सप्टेंबरपर्यंत ॲडव्हान्स भरून कन्फर्म केलेल्या बुकिंगला जुनाच दर लागेल. ४ जानेवारीपासून दर पूर्ववत होईल. एक्स्ट्रा बेडच्या दरात बदल नाही.’

दर पूर्ववत कधी होणार, हे वाक्य अनेकजण विसरतात. मग जानेवारीच्या चौकशीलाही एजंट चढाच भाव सांगतो आणि खोल्या रिकाम्या राहतात.

कारण मात्र खरे द्यावे. ‘वाढत्या महागाईमुळे’ असे लिहिले की वाचणारा पुढे वाचतच नाही. महागाई जानेवारीत संपत नाही, हे त्यालाही कळते. मालवणकडची खरी परिस्थिती सांगण्यासारखी आहे. पावसाळ्यात स्कूबा आणि वॉटर स्पोर्ट्स बंद असतात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या थांबतात, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीलाही बंदी असते. खोल्या ओस पडतात, पण जुन्या आचाऱ्याचा पगार द्यावाच लागतो, नाहीतर तो दुसरीकडे जातो. ती तूट सुट्ट्यांच्या मोजक्या दिवसांत भरून काढायची असते. शिवाय त्या पंधरवड्यात हंगामी माणसे जादा मजुरीवर आणावी लागतात आणि सुरमईचा भाव गर्दीबरोबर चढतो. त्या दिवसांत मागणी जास्त असते, हेही सरळ लिहावे. एजंट स्वतः बाजारात बसलेला असतो, त्याला ते पटते.

वाढ किती करावी, यात एक खाच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून एका रात्रीचे ७,५०० रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्यापुढे १८ टक्के. मोठी फॅमिली रूम ७,२०० ला असेल तर करासह बिल ७,५६० होते. ती ७,८०० केली की बिल ९,२०४ वर जाते. मालकाला ६०० रुपये जास्त मिळतात आणि पाहुण्याच्या खिशातून १,६४४ जास्त जातात. अशा खोलीचा दर ७,५०० वरच थांबवावा आणि तसे सूचनेत लिहावे. (५ टक्क्यांच्या खोल्यांवर हॉटेलला खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही, हे हिशेब करताना धरावे.)

सूचना पाठवल्यावर हॉटेलने आपली वेबसाइट आणि बुकिंग ॲपवरचे भाव तपासावेत. एजंटला ४,२०० नेट सांगून ॲपवर तीच खोली ३,९०० ला दिसत असेल, तर वर दिलेल्या सगळ्या कारणांवर पाणी पडते. आणि मोठा ग्रुप आणणाऱ्या एजंटला मेसेजबरोबर फोनही करावा, कारण त्याने भाव आधीच दिलेला असण्याची शक्यता जास्त. तसे असेल तर त्याच्याकडून ग्रुपचे नाव, तारखा आणि खोल्यांची संख्या लगेच लेखी घ्यावी आणि ॲडव्हान्ससाठी आठवडाभराची मुदत देऊन जुना दर पाळावा.